आईच्या बचत खात्यात आपलं नाव लावायचं असेल तर

गेल्या श्रावणात मंगळवार पेठेतल्या घरी न्हाणीत पाय घसरून आईचा उजवा मनगट मोडला. शाहूपुरीतल्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, डॉक्टरांनी बिलाचा कागद हातात दिला आणि तिथे आमची गाडी अडली. पैसे होते. आईच्या बँकेत, आईच्या नावावर, आईच्या सहीवर. आणि सही करणारा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्या दिवशी बिल मी भरलं, पण घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "आता तुझं नाव लावून टाक बघू त्या खात्यावर." आई 76 वर्षांची आहे. मी लेक, राजारामपुरीत राहते. दादा पुण्यात असतो.

नाव लावायला एका अर्जाचं काम, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात चार फेऱ्या झाल्या. त्यातल्या दोन फेऱ्या केवळ माझ्या अज्ञानामुळे झाल्या, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

1. आधी कोणत्या खात्यात नाव लावायचं ते ठरवा

आईची दोन बचत खाती आहेत. एकात बाबांच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन येतं. दुसरं नागरी सहकारी बँकेतलं. त्यात गावाकडच्या रानाचं ऊसबिल आणि खालच्या खोलीचं भाडं जमा होतं. पेन्शनचं खातं मोठ्या बँकेत असल्यामुळे मी आधी तिथे गेले. तिथल्या बाईंनी पासबुक पाहूनच मान हलवली.

पेन्शनच्या खात्याचं गणित वेगळं असतं. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांना जोडीदारासोबत संयुक्त खातं चालतं, मुलासोबत नाही. बाकीच्या पेन्शन खात्यांतही बँका मुलांचं नाव घ्यायला सहसा तयार होत नाहीत. कारण सरळ आहे. पेन्शनर गेल्यानंतर बँकेला कळेपर्यंत एक-दोन महिन्यांची पेन्शन जमा होऊन जाते, आणि ती सरकारला परत करावी लागते. खात्यावर दुसरं माणूस असेल आणि त्याने ते पैसे काढले असतील, तर वसुलीची डोकेदुखी बँकेच्या गळ्यात पडते.

म्हणून पेन्शनचं खातं एकटीच्या नावावर राहू द्या, आणि नाव लावायचं ते दुसऱ्या बचत खात्यात. दुसरं खातंच नसेल तर दोघांच्या नावाने एक नवीन उघडा, आणि पेन्शनमधून दरमहा ठरावीक रक्कम तिकडे वळवायची सूचना बँकेला देऊन ठेवा. दवाखान्याला लागेल एवढा साठा त्या खात्यात राहिला की काम भागतं.

खातं दोन वर्षं वापरात नसेल तर ते निष्क्रिय धरलं जातं. तसं असेल तर आधी आईवडिलांची केवायसी नव्याने देऊन ते सुरू करून घ्या, मगच नाव लावायचं बोला.

2. फॉर्मवरच्या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे

फॉर्ममध्ये "खाते कसे चालवायचे" अशा अर्थाचा एक रकाना असतो. पुढे चौकोन असतात आणि एकावर खूण करायची असते. काउंटरवरचा माणूस घाईत असला की तो स्वतःच कुठे तरी खूण करून फॉर्म सहीसाठी पुढे सरकवतो. तिथे थांबा.

"आयदर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो, आणि एकजण गेला तर राहिलेल्याला पैसे मिळतात. आमच्यासारख्या गरजेला हेच लागतं. पण याचा दुसरा अर्थ असा, की उद्या मी आईला न विचारता खातं रिकामं केलं तरी बँक मला अडवणार नाही.

"फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तो हयात असेपर्यंत फक्त तोच व्यवहार करणार. दुसऱ्याचा हात खात्याला लागतो तो पहिल्याच्या पश्चात. मुलांवर पूर्ण भरवसा नसेल तर आईवडिलांसाठी हा सुरक्षित मार्ग आहे. मात्र हात मोडला, अर्धांगवायू झाला, तर याचा काडीचा उपयोग नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी हेच निवडलं होतं आणि ते आयसीयूत असताना मुलगा बँकेत नुसता बसून राहिला.

"जॉइंटली" म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. वयस्कर माणसासोबत हे घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

खात्यात नाव न लावता नुसतं कामापुरतं अधिकारपत्रही बँकेला देता येतं. त्याने मुलगा आईच्या वतीने पैसे काढू शकतो, पण आई गेली की त्या क्षणी तो अधिकार संपतो. पैशांवरून घरात आधीच कुरबूर असेल तर मी हेच सुचवेन.

3. घरात आधी बोला, आणि नाव लावणं म्हणजे मालकी नव्हे हे सगळ्यांसमोर सांगा

आयदर ऑर सर्व्हायव्हर खात्यात आई गेल्यावर बँक पैसे मला देते. बँकेची जबाबदारी तिथे संपते. पण ते पैसे माझे होतात असं नाही. पैसा आईचा होता, त्यामुळे तिच्या वारसांचा, म्हणजे माझा आणि दादाचा हक्क त्यावर तसाच राहतो. आईने मृत्युपत्रात दुसरं काही लिहिलं असेल तर ते लागू. बहुतेक भांडणं इथून सुरू होतात, कारण ज्याचं नाव लागलं तो समजतो माझं झालं, आणि ज्याचं नाही लागलं तो समजतो मला डावललं.

मी दादाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तू आहेस तिथं, तूच बघ. मला काय विचारतेस?" त्याच्या "काय विचारतेस" मध्ये थोडा कोरडेपणा होता, तो मला कळला. म्हणून पुढच्या रविवारी तो आला तेव्हा आईनेच त्याच्यासमोर सांगितलं की हे नाव दवाखान्यासाठी आहे, वाटणीसाठी नाही. तिने नंतर साधं मृत्युपत्रही केलं. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. त्यात या खात्यातली शिल्लक दोघांत निम्मी असं एक वाक्य आहे. त्या एका वाक्यामुळे दादाचा सूर बदलला.

मुलाच्या डोक्यावर कर्ज किंवा कराची थकबाकी असेल तर तेही आधीच उघड बोला. आयकराची थकबाकी वसूल करताना संयुक्त खात्यात सगळ्यांचा वाटा सारखा आहे असं धरून चालतात, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. धंद्यात अडकलेल्या मुलाचं नाव आईच्या खात्यावर लावू नये, भले तो कितीही गुणी असो.

4. हे कागद घेऊन जा

आईचे:
- मूळ पासबुक आणि शिल्लक राहिलेलं चेकबुक
- आधार आणि पॅन, मूळ व झेरॉक्स. पॅन नसेल तर बँकेत त्याऐवजीचा फॉर्म भरून देता येतो
- दोन नवे फोटो

तुमचे:
- आधार आणि पॅन, मूळ व झेरॉक्स
- दोन फोटो
- त्याच बँकेत तुमचं खातं असेल तर ग्राहक क्रमांक. नसेल तर आधी तुमची ग्राहक म्हणून नोंद होते, तिला एक दिवस जास्त धरा

झेरॉक्सवर सही करून द्यावी लागते, आईच्या कागदांवर आईची. माझी एक फेरी इथेच गेली. मी घरून आईच्या झेरॉक्स सहीशिवाय नेल्या होत्या.

दुसरी फेरी नावामुळे गेली. पासबुकवर आईचं नाव 1990 च्या सुमाराचं, "सौ." लावून, बाबांच्या नावाची फक्त आद्याक्षरं घालून. आधारवर पूर्ण नाव. पॅनवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. संगणकात नाव जुळलं नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. जाण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पाहा. फरक असेल तर नाव दुरुस्तीचा अर्ज आधी किंवा सोबतच द्या.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक सूचना. फॉर्मवर नातं लिहायचं असतं, आणि आपलं आडनाव सासरचं. मला पुरावा मागितला नाही, पण मी शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवला होता. त्यावर वडिलांचं नाव असतं.

5. बँकेत त्या दिवशी

आईवडिलांना प्रत्यक्ष जावं लागतं, कारण खातं त्यांचं आहे आणि संमती त्यांचीच लागते. आमची शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेलेले. मी शाखाधिकाऱ्यांना आदल्या दिवशी भेटून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मावशींना खालीच बसवा, आम्ही येतो." 70 वर्षांवरील ग्राहकांना घरी येऊन मूलभूत सेवा द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये व्यापारी बँकांना कळवलेलं आहे. तुमचं खातं अशा बँकेत असेल तर विचारायला लाजू नका.

आमच्या साहेबांनी मला चहाच्या टपरीकडे पाठवलं आणि आईशी एकटीशी बोलले. मला क्षणभर राग आला. नंतर आईने सांगितलं, त्यांनी विचारलं होतं, "मावशी, लेक आता तुम्हाला न सांगता पैसे काढू शकेल, चालेल न्हवं?" आई म्हणाली, "चालतंय की. न सांगता काढंल तर मी आहे आणि ती आहे." हा प्रश्न विचारणारा अधिकारी भेटला तर तुमचं नशीब समजा. आईवडिलांना विसरण्याचा आजार असेल, आपण कशावर सही करतोय ते उमगत नसेल, तर नाव लावायचा प्रयत्नच करू नका. ती संमती नव्हे, आणि उद्या भावंडांपैकी कोणी आव्हान दिलं तर टिकणार नाही.

इथे एक सापळा आहे. काउंटरवरून सल्ला येऊ शकतो, "हे खातं बंद करून नवीनच उघडा की, सोपं पडतंय." मान्य करू नका. खाते क्रमांक बदलला की कारखान्याकडून येणारं ऊसबिल, गॅसचं अनुदान, वीजबिलाची आपोआप कपात, सगळं एकेक करून बदलत बसावं लागतं. कारखान्याच्या शेती कार्यालयात खाते क्रमांक बदलायचा म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा पासबुकची झेरॉक्स. अर्जावर मी स्पष्ट लिहिलं: "सदर खात्यात संयुक्त खातेदार म्हणून नाव समाविष्ट करावे, खाते क्रमांक तोच ठेवावा." पहिलं नाव आईचंच राहील हेही लिहा.

हात चालत नसेल तरी काम अडत नाही, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर दवाखान्याच्या दिवशी धावपळ झाली नसती. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाचा अंगठा, बँक घेऊ शकते. त्याला दोन साक्षीदार लागतात, पैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मात्र जिथे सहीची जागा अंगठा कायमचा घेणार असेल, तिथे नमुना बदलण्याची नोंद वेगळी करून घ्या. आम्ही प्लास्टर निघेपर्यंत थांबलो. तरी सही पूर्वीसारखी आली नाही, थरथरली. साहेबांनी नवी नमुना सही घेतली आणि जुनी रद्द केली. हे त्याच दिवशी केलं ते बरं झालं, नाहीतर पुढचा प्रत्येक चेक परत आला असता.

निघताना अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या. नुसतं "होऊन जाईल" वर निघू नका.

6. नॉमिनी पुन्हा भरा

ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. आईच्या खात्याची नॉमिनी मीच होते. आता मी खातेदार झाले. जो खातेदार, तोच त्या खात्याचा नॉमिनी, याला अर्थ उरत नाही. म्हणून नव्याने नॉमिनी नेमावा लागतो, आणि त्या फॉर्मवर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. आम्ही दादाचं नाव दिलं. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्यात चारपर्यंत नॉमिनी देता येतात, त्यामुळे नातवंडांना घ्यायचं तरी जागा आहे.

नॉमिनीला पैसे मिळतात ते सगळे खातेदार गेल्यानंतरच. तोही मालक नसतो, वारसांसाठी पैसे हातात घेणारा असतो. सहीने भरलेल्या नॉमिनी फॉर्मला साक्षीदार लागत नाहीत, अंगठा असेल तर दोन लागतात.

7. ठेवींनाही नाव लावायचं का?

काउंटरवर विचारतील, "मुदत ठेवींनाही नाव लावू का?" लगेच हो म्हणू नका. ठेवीची रक्कम आणि मुदत न बदलता नाव लावता येतं, ते खरं. पण ठेव विम्याचं गणित आधी करा.

बँक बुडाली तर 4 फेब्रुवारी 2020 पासून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून 5 लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. एकट्याच्या नावाची खाती एकत्र मोजतात, आणि संयुक्त खाती वेगळी मोजतात. आईचे या बँकेत बचतीत 2 लाख 40 हजार आणि ठेवीत 4 लाख होते. दोन्ही एकटीच्या नावावर, म्हणजे 6 लाख 40 हजार, त्यातले 1 लाख 40 हजार विम्याबाहेर. बचत खात्यात माझं नाव लागलं आणि ठेव आईच्या एकटीच्या नावावर राहिली, तेव्हा दोन वेगळे कप्पे झाले. एकात 2 लाख 40 हजार, दुसऱ्यात 4 लाख. दोन्ही 5 लाखांच्या आत. मी जर ठेवीलाही त्याच क्रमाने, आई पहिली आणि मी दुसरी, असं नाव लावलं असतं, तर दोन्ही पुन्हा एका कप्प्यात गेले असते आणि आम्ही होतो तिथेच परत आलो असतो.

हे फक्त बँकांना लागू आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, तिथल्या ठेवींना हा विमा नाही, मग नाव एक असो की दोन.

कराचं थोडक्यात. पैसा आईचा, पहिलं नाव आईचं, तर व्याजही तिच्याच उत्पन्नात धरायचं. बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही, ठेवीच्या व्याजावर कापू शकते. तुमचा पगार किंवा धंद्याचे पैसे या खात्यात टाकू नका. नंतर कोणते कोणाचे हे सांगता येत नाही, आणि वाटणीच्या वेळी तेच नडतं.

8. नंतर काय तपासायचं

आमचं काम आठ दिवसांनी झालं. नवीन पासबुक हातात आल्यावर पहिल्या पानावर तीन गोष्टी पाहा: दोन्ही नावं बरोबर क्रमाने आहेत का, व्यवहाराची पद्धत तुम्ही निवडलेलीच छापली आहे का, आणि नॉमिनी नोंद झाल्याचा उल्लेख आहे का. आमच्या पासबुकवर पद्धत "जॉइंटली" आली होती. खूण मी बरोबर केली होती, संगणकात चुकली. पोच होती म्हणून त्याच दिवशी दुरुस्त झालं. एटीएम कार्ड आणि यूपीआय नंतर मागा, कारण "जॉइंटली" खात्याला ते मिळत नाही.

मोबाइल क्रमांक आईचाच नोंदलेला ठेवा. मुलं सोयीसाठी स्वतःचा टाकतात, आणि मग आईला आपल्याच पैशांचा एसएमएस येत नाही. आमच्याकडे आईच्या फोनवर संदेश येतो, ती चष्मा शोधते आणि मला विचारते, "हे 1,200 कसले गं?" गॅस आणि औषधं, मी सांगते. माझं कार्ड वेगळं आहे, तिचं मी वापरत नाही. कार्ड ज्याचं त्याने वापरायचं, आणि ती गेल्यावर तर अजिबात नाही. तेव्हा मृत्यूचा दाखला आणि पासबुक घेऊन बँकेत जायचं. सर्व्हायव्हरची अट असलेल्या खात्यात वारस दाखला मागायची बँकेला गरज नसते, कोर्टाचा मनाई हुकूम नसला की झालं. असा दावा कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत निकाली काढायचा असतो.

9. नाव काढायचं झालं तर

लावताना आईची संमती लागली, पण काढताना तिची एकटीची चालत नाही. आता मीही खातेदार आहे, त्यामुळे नाव कमी करायच्या अर्जावर माझीही सही लागते. मी दिली नाही तर? दोघींपैकी एकीने खात्यावर वाद असल्याचं बँकेला लेखी कळवलं, की बँक सहसा एकाच्या सहीवर पैसे सोडायचं थांबवते. दुसरा मार्ग जास्त सरळ. आयदर ऑर सर्व्हायव्हर खात्यातून आई तिच्या एकटीच्या सहीने शिल्लक काढून तिच्या पेन्शनच्या खात्यात टाकू शकते. म्हणून ते खातं एकटीच्या नावावर चालू ठेवा, त्याचं चेकबुक तिच्याच कपाटात असू द्या, आणि नाव लावायला निघायच्या आदल्या दिवशी हे सगळं तिला समजावून सांगा. मी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे तू बिघडलीस तर माझी सोय हाय म्हण की," आणि तिने कपाटाची किल्ली कनवटीला लावली.